बीपीची गोळी, काचबिंदूचे थेंब आणि रात्रीचे तीन

२०२३ साली आमच्या हातून एक चूक झाली. ती इथे मांडावी असे वाटते, कारण तशीच चूक तुमच्याही घरात आज रात्री जेवणानंतर घडत असेल.

माथेरानला आमच्या शेजारी एक आबा राहतात. वय एकाहत्तर. उमेदीची तीसेक वर्षे त्यांनी हातरिक्षा ओढली. आमच्या डोंगरावर मोटार येत नाही, ती दस्तुरी नाक्याला थांबते. तिथून बाजारपेठेपर्यंतची लाल मातीची वाट आबांनी किती वेळा पायाखाली घातली असेल त्याचा हिशेब नाही. त्या वाटेवरचा दगड न् दगड त्यांना ठाऊक. असा माणूस २०२४ च्या पावसाळ्यात स्वतःच्या घराच्या पायरीवर दोनदा अडखळला. एकदा तिन्हीसांजेला समोरून येणारा घोडा त्यांना अगदी अंगाजवळ आल्यावर दिसला. सूनबाई आम्हाला म्हणाल्या, "आबा खाली बघतच नाहीत हो आताशा." आबा खाली बघत होते. त्यांना खालचे दिसत नव्हते.

आबांना काचबिंदू आहे हे २०२३ सालीच कळले होते. बीपी त्याच्या आधीपासून. दोन्हींचे औषध चालू होते, आणि ते नियमाने घेतले जात होते. डोळ्याचा दाब तपासला की १६ भरायचा. सर्वसाधारणपणे १० ते २१ हा आकडा ठीक मानतात. म्हणजे कागदावर सगळे ठीक होते, तरीही नजर जात होती. असे का झाले, हे समजून घ्यायला आम्हाला चार महिने लागले. ते तुम्हाला एका बैठकीत कळावे म्हणून हा लेख.

प्रथम काचबिंदू म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ऑपरेशन करून ते बदलले की दिसू लागते. काचबिंदूत भिंगाचा संबंध नसतो. डोळ्याच्या मागून मेंदूकडे एक नस जाते, त्या नसेचे तंतू एकेक करून मरतात. मेलेला तंतू परत येत नाही. कडेची नजर आधी जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. त्यामुळे माणूस वर्तमानपत्र वाचतो, सुईत दोरा ओवतो आणि आपली नजर शाबूत आहे असे समजतो. तामिळनाडूत गावोगाव पाहण्या झाल्या, तेव्हा काचबिंदू सापडलेल्या दहा माणसांपैकी नऊंहून अधिक जणांना तो आपल्याला आहे याचा पत्ताच नव्हता.

डोळ्यात सतत एक पाणी तयार होते आणि बारीक जाळीतून बाहेर जाते. बाहेर जाण्याला अडथळा झाला की डोळ्यातला दाब वाढतो आणि नस दबते. म्हणून डोळ्याचा दाब उतरवणारे थेंब देतात. इतके आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असते. पण ही अर्धी गोष्ट झाली.

उरलेली अर्धी गोष्ट रक्ताची आहे. नसेला जगायला रक्त लागते आणि ते डोळ्यात शिरते ते दाबाच्या जोरावर. रक्ताचा दाब आत ढकलतो, डोळ्याचा दाब त्याला बाहेरून अडवतो. आम्ही पडलो कारकून, बी.कॉम. झालेले, त्यामुळे आम्हाला ही गोष्ट वजाबाकीने समजली. बीपीचे दोन आकडे असतात, वरचा आणि खालचा. खालचा आकडा म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये, हृदय विसावलेले असताना रक्तवाहिनीत जो दाब शिल्लक असतो तो. त्या खालच्या आकड्यातून डोळ्याचा दाब वजा करा. जी शिल्लक उरेल तेवढ्या जोरावर नसेला त्या विसाव्याच्या क्षणीही रक्त मिळते. खालचा आकडा ८० आणि डोळ्याचा दाब १६ असेल तर शिल्लक ६४. ही शिल्लक चांगली आहे.

या शिल्लकेचे महत्त्व अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसले. तिचे निष्कर्ष १९९५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांची शिल्लक सर्वात कमी, म्हणजे ३० च्या खाली होती, त्यांच्यात काचबिंदूचे प्रमाण शिल्लक भरपूर असलेल्यांच्या सुमारे सहापट आढळले. म्हणजे नुसता डोळ्याचा दाब पाहून भागत नाही, दोन्ही रकमा पाहाव्या लागतात.

आता मुख्य मुद्दा. ही वजाबाकी दवाखान्यात होते ती दिवसा, खुर्चीत बसलेल्या माणसाची. रात्री दोन्ही रकमा बदलतात. झोपेत बीपी उतरतो. निरोगी माणसातही तो शेकडा दहा ते वीस उतरतो, आणि तसा उतरणे चांगलेच असते, कारण हृदयाला विश्रांती मिळते. त्याच वेळी आडवे झाल्याने डोळ्याचा दाब दोन-चार अंशांनी वाढतो. एक रक्कम घटली आणि वजा होणारी रक्कम वाढली, म्हणजे शिल्लक दोन्हीकडून कमी झाली. तरुण माणसाच्या बारीक रक्तवाहिन्या अशा वेळी आपोआप रुंदावतात आणि रक्ताचा पुरवठा सांभाळतात. म्हातारपणी, जुन्या बीपीत किंवा मधुमेहात या वाहिन्या कडक झालेल्या असतात आणि त्यांना ते नीट जमत नाही. म्हणूनच रात्री बीपी तेवढाच उतरूनही एकाची नस सुखरूप राहते आणि दुसऱ्याची उपाशी पडते.

ही गोष्ट ठळकपणे पुढे आणणाऱ्यांत एक डॉक्टर मूळचे आपल्या पंजाबातले होते. त्यांचे नाव डॉ. सोहनसिंग हायरे. पुढे ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात गेले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली १६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणाला काचबिंदू होता, तर कुणाच्या नसेचा रक्तपुरवठा एकाएकी तुटला होता. प्रत्येकाच्या दंडाला पट्टा बांधून चोवीस तास बीपी नोंदवला. नसेचा रक्तपुरवठा तुटलेल्यांपैकी जे बीपीच्या गोळ्या घेत होते, त्यांच्यात रात्री बीपी फार उतरणे आणि नजरेचे क्षेत्र घटत जाणे यांचा संबंध दिसला. पुढे २०१४ साली अमेरिकेतच, डोळ्याचा दाब मुळात वाढलेला नसूनही काचबिंदू झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातही रात्री बीपी दिवसाच्या मानाने जितका जास्त आणि जितका वेळ खाली राहिला, तितकी नजर घसरण्याची शक्यता जास्त दिसली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. रात्री बीपी उतरणाऱ्या प्रत्येकाला काचबिंदू होतो असे मुळीच नाही. आणि प्रत्येक काचबिंदूच्या मुळाशी रात्रीचा बीपीच असतो असेही नाही. डोळ्याचा दाब हाच मुख्य गुन्हेगार आहे आणि तो उतरवणे हाच सिद्ध झालेला उपाय आहे. पण दाब आटोक्यात असूनही नजर जात असेल, तर रात्रीचे खाते उघडून पाहिलेच पाहिजे.

आता आबांच्या गोष्टीकडे आणि आमच्या चुकीकडे येतो.

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या मंडळाने आरोग्य शिबिर भरवले. नोंदवही आमच्याच हाती होती. सभागृह चढावर, गर्दी बरीच, खुर्च्या कमी. लोक चढ चढून यायचे, रांगेत उभे राहायचे आणि नंबर आला की लगेच त्यांच्या दंडाला पट्टा बांधला जायचा. आबाही तसेच आले. आकडा आला १६२ आणि ९४. आम्ही तो सुवाच्य अक्षरात वहीत लिहिला. धाप लागलेली असताना, उभे राहून आल्या आल्या घेतलेला बीपी खरा धरू नये, पाच मिनिटे पाठ टेकवून बसवून मग घ्यावा, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते.

तो कागद घेऊन आबा डोंगर उतरून त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि नियमाप्रमाणे औषध वाढवले. टेल्मिसार्टन ४० होतीच. अमलोडिपिन ५ ची १० केली आणि दोन्ही गोळ्या रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितल्या. त्याच सुमारास लघवीला सारखे उठावे लागते म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू केली, तीही रात्री जेवणानंतर. डोळ्यात टिमोलॉलचे थेंब सकाळ-संध्याकाळ होतेच. संध्याकाळचा थेंब आबा झोपताना घालत, कारण लक्षात ठेवायला ते सोपे.

तीन डॉक्टर आणि तीन कागद. ज्याच्या त्याच्या कागदावर प्रत्येक डॉक्टर बरोबर होता. पण तिन्ही कागदांची बेरीज आबांच्या अंगात रात्री साडेनऊला होत होती, आणि ती बेरीज कुणीच केली नव्हती.

थेंबांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण डोळ्यातला थेंब डोळ्यातच राहतो असा आपला समज असतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी नाकात उतरते. म्हणून तर रडताना नाक वाहते. थेंब त्या नळीतून नाकात जातो आणि तिथून सरळ रक्तात मिसळतो. टिमोलॉल हे बीटा ब्लॉकर जातीचे औषध आहे, हृदयासाठी जशा गोळ्या देतात त्याच जातीचे. काही माणसांत या थेंबाने नाडी मंदावते आणि बीपी उतरतो. दमेकऱ्याला तर त्याने दम्याचा झटका येऊ शकतो, म्हणून दमा असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगायलाच हवा. शिवाय टिमोलॉलचे काम डोळ्यातले पाणी कमी तयार करणे हे आहे, आणि झोपेत ते पाणी आधीच कमी तयार होत असते. म्हणून रात्री त्याचा डोळ्याला लाभ फारसा होत नाही. बीपी उतरवण्याचा तोटा मात्र होऊ शकतो. याच डॉ. हायरे यांनी १९९९ साली या थेंबांबद्दलही सावधगिरीची सूचना दिली होती.

टिमोलॉल वाईट औषध आहे असा अर्थ कृपया काढू नका. ते स्वस्त आहे, जुने आहे आणि लाखो लोकांचे डोळे त्याने राखले आहेत. प्रश्न आहे तो कोणत्या माणसाला आणि कोणत्या वेळी, एवढाच.

२०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही आबांना मुंबईला काचबिंदूच्या डॉक्टरांकडे नेले. नजरेच्या क्षेत्राची तपासणी झाली. यात एका भांड्यासारख्या यंत्रात हनुवटी टेकवून समोर पाहायचे असते, आजूबाजूला बारीक दिवे लुकलुकतात आणि दिसला की बटण दाबायचे. आधीच्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहिले तर डाव्या डोळ्याचा खालचा भाग बराच काळा झालेला. नसेच्या कडेला रक्ताचा एक लहानसा ओघळही दिसला. काचबिंदूत तो पुढच्या नुकसानीची खूण मानतात. डोळ्याचा दाब मात्र १६ च.

डॉक्टरीणबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो वर्षभरात कुणी विचारला नव्हता. "आबा, कोणकोणती औषधं घेता आणि किती वाजता घेता?"

आबा म्हणाले, "ती सगळी सूनबाईच्या पिशवीत असतात."

सूनबाईंनी पिशवी टेबलावर रिकामी केली. बाईंनी एकेक पाकीट उलटून पाहिले आणि प्रत्येकाची वेळ लिहून घेतली. मग नाडी मोजली, ती ५२ भरली. "रात्री लघवीला उठता तेव्हा चक्कर येते का?" आबांनी आमच्याकडे बघितले. घरात कुणालाच ठाऊक नव्हते. मग म्हणाले, "भिंत धरून जातो. वय झालं, म्हटलं असंच असेल." त्यांनी आबांना आडवे झोपवून हातातल्या यंत्राने पुन्हा डोळ्याचा दाब घेतला. तो २० भरला. मग चोवीस तासांच्या बीपीच्या यंत्रासाठी चिठ्ठी दिली.

ते यंत्र म्हणजे दंडाला नेहमीचा पट्टा आणि कमरेला एक डबी. दिवसा दर अर्ध्या तासाने आणि रात्री दर तासाने पट्टा आपोआप फुगतो आणि आकडा डबीत साठतो. आबा त्या रात्री नेरळला पुतण्याकडे राहिले. नेहमीच्या वेळी जेवले, नेहमीच्या वेळी गोळ्या घेतल्या, नेहमीच्या वेळी झोपले. हे महत्त्वाचे आहे, कारण रोजच्यासारखी रात्र असेल तरच आकडे खरे. पट्टा फुगताना हात सरळ आणि सैल ठेवायचा, बोलायचे नाही.

दुसऱ्या दिवशी कागद हाती आला तो असा. दिवसाची सरासरी १३४ आणि ७८. म्हणजे आबांचा दिवसाचा बीपी उत्तम काबूत होता. रात्रीची सरासरी १०२ आणि ५४. खालचा आकडा शेकडा तीस उतरला होता, जिथे दहा ते वीस उतरणे ठीक मानतात. आणि सगळ्यात खालची नोंद रात्री तीन वाजताची होती, ९२ आणि ४६.

आता वजाबाकी करा. दिवसा बसलेले असताना ७८ वजा १६, शिल्लक ६२. रात्री तीनला आडवे असताना ४६ वजा २०, शिल्लक २६. आबांची नस रोज रात्री त्या तासाला जवळजवळ दिवाळखोरीत जात होती. सकाळी चहाच्या वेळी खाते पुन्हा भरलेले दिसे, आणि तपासणी नेहमी दिवसाच व्हायची.

पुढे काय केले तेही क्रमाने सांगतो. काचबिंदूच्या बाईंनी बीपीची एकही गोळी स्वतः बदलली नाही. त्यांनी चोवीस तासांचा कागद जोडून आबांच्या बीपीच्या डॉक्टरांना पत्र लिहिले. त्या डॉक्टरांनीही मोठेपणा दाखवला. कागद पाहून दोन्ही गोळ्या सकाळी घ्यायला सांगितल्या आणि अमलोडिपिन १० ची पुन्हा ५ केली. टॅम्सुलोसिनमुळे रक्तवाहिन्या थोड्या सैलावतात आणि उठून उभे राहताना बीपी घसरू शकतो, म्हणून ती चालू ठेवायची की नाही याची विचारणा ती देणाऱ्या डॉक्टरांकडे केली. त्यांनी ती ठेवली, पण बिछान्यातून उठताना आधी दोन मिनिटे कडेला बसायला सांगितले. नाडी ५२ असल्याने बाईंनी टिमोलॉल बंद करून लॅटॅनोप्रोस्ट सुरू केले, रात्री एक थेंब. हे औषध पाणी बाहेर जाण्याची वाट मोकळी करते, दिवस-रात्र काम करते आणि सहसा बीपीला हात लावत नाही. याने डोळे थोडे लाल होतात, पापण्यांचे केस लांब होतात आणि कडेची कातडी काळवंडते, पण ते चालण्यासारखे आहे. पुढे गरज पडली तर डॉर्झोलामाइडचा थेंब जोडता येईल, तोही रात्री काम करतो, असे त्या म्हणाल्या. ब्रिमोनिडीन टाळले, कारण तेही थोडा बीपी उतरवू शकते आणि रात्री कमी चालते.

तुम्ही विचाराल, रात्रीची गोळी सकाळी घेतली तर हृदयाला धोका नाही का? काही वर्षांपूर्वी रात्रीची गोळी हृदयाला जास्त राखते असा गाजावाजा झाला होता. म्हणून ब्रिटनमध्ये २१,१०४ बीपीच्या रुग्णांवर मोठा प्रयोग केला गेला. निम्म्यांनी गोळी सकाळी घेतली, निम्म्यांनी रात्री, आणि पाच वर्षांहून अधिक काळ त्यांच्यावर लक्ष ठेवले. त्याचा निकाल २०२२ साली आला. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू यांत दोन्ही बाजूंत फरक आढळला नाही. याचा अर्थ काचबिंदू असलेल्या माणसाची गोळी सकाळवर आणली तर बहुतेकांचे हृदयाच्या बाबतीत नुकसान नाही, आणि नसेचा मात्र फायदा होऊ शकतो.

पण हे सर्वांना सारखेच लागू नाही. काहींचा बीपी रात्री उतरतच नाही, उलट चढतो. मूत्रपिंडाचा आजार, जुना मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकून घोरण्याचा विकार असणाऱ्यांत हे बरेचदा दिसते. त्यांना रात्रीच्या गोळीची गरज असू शकते. म्हणून आबांची वेळ तुमची वेळ नव्हे. आणि हा लेख वाचून आज रात्रीची गोळी स्वतःहून टाळली तर आम्ही दुसरी चूक केली असे होईल. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडली तर बीपी आणि नाडी उसळते आणि छातीत दुखू शकते. बीपी मोकळा सोडला तर पक्षाघात आहेच, आणि वाढलेला बीपीही डोळ्याच्या रक्तवाहिन्या खराब करतो. आपल्याला पाहिजे तो बीपी दिवसा फार वर नको आणि रात्री फार खाली नको.

दीड महिन्याने आबांना पुन्हा यंत्र लावले. दिवसाची सरासरी १३६ आणि ८०, रात्रीची ११२ आणि ६४, सर्वात खालची नोंद १०६ आणि ५८. डोळ्याचा दाब बसून १४, आडवे असताना १८. रात्रीची शिल्लक २६ ची ४० झाली. नाडी ६८. भिंत धरणे बंद झाले.

गेलेली नजर परत आली का? नाही. ती येत नाही. पायरीच्या कडेला सूनबाईंनी पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला आहे, आबा त्यावर पाय टाकतात. २०२५ मधल्या दोन्ही तपासण्यांत काळा भाग वाढलेला नाही. यात रात्रीच्या बीपीचा वाटा किती आणि उतरलेल्या डोळ्याच्या दाबाचा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, काचबिंदू थांबला की नाही हे ठरवायला अजून काही वर्षांच्या तपासण्या लागतील.

आता तुमच्या घरात दोन्ही आजार असलेले कुणी असेल तर काय करायचे ते सांगतो. एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला औषधाचे नाव, उजव्या बाजूला घड्याळाची वेळ. प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्या आणि डोळ्याचे थेंबसुद्धा त्यात लिहा, कारण थेंबाला औषध समजून कुणी सांगत नाही. हा कागद बीपीच्या डॉक्टरांनाही दाखवा आणि डोळ्याच्या डॉक्टरांनाही. बीपीच्या डॉक्टरांना सांगा, "मला काचबिंदू आहे." डोळ्याच्या डॉक्टरांना विचारा, "माझा रात्रीचा बीपी पाहायला हवा का?"

हा प्रश्न विशेष करून कुणी विचारावा? डोळ्याचा दाब चांगला असूनही ज्यांचे नजरेचे क्षेत्र घटत आहे त्यांनी, ज्यांच्या नसेवर रक्ताचा ओघळ दिसला आहे त्यांनी, आणि रात्री किंवा पहाटे उठताना ज्यांना गरगरते त्यांनी. सकाळी जाग आल्यावर एका डोळ्याने एकाएकी अंधुक दिसले किंवा अर्धे दिसेनासे झाले, तर मात्र प्रश्न विचारत बसू नका, त्याच दिवशी डोंगर उतरा. नसेचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो तो बरेचदा असाच, झोपेतून उठताना ध्यानात येतो.

चोवीस तासांचे यंत्र सगळीकडे मिळत नाही. घरी बीपीचे यंत्र असेल तर झोपण्याआधी, रात्री लघवीला उठाल तेव्हा आणि सकाळी गोळी घेण्याआधी बसून बीपी घ्या, आठवडाभर वहीत लिहा. एक लक्षात ठेवा, जाग आली की बीपी थोडा वर येतो. म्हणून वहीतला आकडा झोपेतल्या आकड्यापेक्षा चांगला दिसेल. तो आकडाच कमी असेल, तर झोपेतला त्याहून कमी समजा आणि वही डॉक्टरांकडे न्या.

थेंब घालण्याची रीतही शिकून घ्या. एकच थेंब घाला, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलके दाबून धरा. त्याने नाकात जाणारी नळी बंद होते, औषध डोळ्यात राहते आणि रक्तात कमी जाते. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या. आणि आमच्यासारख्या डोंगरावरच्या लोकांनी पावसाळ्याआधी पुढच्या बाटल्यांची सोय करून ठेवावी. लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते. उघडल्यावर ती बाहेर चालते, पण चार ते सहा आठवड्यांनी टाकून द्यायची, शिल्लक असली तरी. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा.

राहिले आमचे शिबिर. या वर्षीही ते भरले. सभागृहाच्या बाहेर आम्ही बारा खुर्च्या मांडल्या आणि पाच मिनिटे बसल्याशिवाय कुणाच्या दंडाला पट्टा लावू दिला नाही. रांग लांबली, लोक कुरकुरले. नोंदवहीत बीपीच्या रकान्याशेजारी दोन नवे रकाने आखले, एक "काचबिंदू आहे का" आणि दुसरा "गोळी किती वाजता". आबा पहिल्या खुर्चीवर येऊन बसले आणि खिशातून आपला कागद काढून आमच्यापुढे धरला. औषधाच्या नावापुढे सूनबाईंच्या अक्षरात वेळ लिहिलेली होती, सकाळी आठ.